रनर पुढे, चेन मागे उघडी

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवरच्या बॅगेची चेन बिघडली. रनर अगदी सहज सरकायचा, शेवटच्या टोकापर्यंत जायचा, पण तो जसजसा पुढे जाई तसतशी मागची चेन फाकत जायची. बॅगवाल्याने एकदा बघितलं आणि पूर्ण चेन बदलावी लागेल म्हणाला. मी बॅग घरी परत आणली, कारण दाते सगळे शाबूत दिसत होते. एकही तुटलेला नाही, पट्टी कुठे उसवलेली नाही. मग चेन लागत का नव्हती?

उत्तर रनरच्या बांधणीत आहे. रनर म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन छोटे पत्रे. त्यांच्यामधल्या पोकळीत पुढून दोन वाटा आत शिरतात आणि मागून एकच बाहेर पडते. पुढच्या दोन वाटांच्या मधे एक पाचर असते. चेन उघडताना हीच पाचर दात्यांच्या दोन रांगा वेगळ्या करते. लावताना काम करतात त्या पत्र्यांच्या वळवलेल्या कडा. त्या दोन्ही रांगांना आत ढकलतात आणि एका पातळीत दाबून धरतात. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की हे दोन पत्रे फक्त त्या पाचरीपाशीच एकमेकांना जोडलेले असतात. मागचा भाग अधांतरी असतो, चिमट्याच्या मोकळ्या टोकांसारखा.

बॅगांना बहुधा गुंडाळीची चेन असते. तिचे दाते म्हणजे खरं तर पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या एका सलग जाड धाग्याची वेटोळी. प्रत्येक वेटोळ्याचं डोकं थोडं फुगीर असतं आणि ते समोरच्या दोन वेटोळ्यांच्या मधे जाऊन बसतं. एकदा बसलं की सरळ आडवं ओढून निघत नाही, कारण फुगीर डोक्याला बाहेर यायला वाट अपुरी पडते. पण त्याच कारणाने ते सरळ आडवं ढकलून नीट बसतही नाही. त्याला तिरकं यावं लागतं, एकामागून एक, आणि दोन्ही रांगा तंतोतंत एका पातळीत असाव्या लागतात. हे जुळवून आणणं हेच रनरचं काम. 1893 साली अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसनने अशा बंधनाचं पेटंट घेतलं, पण त्याची आकडे आणि कड्यांची रचना वापरात आपोआप उघडायची. मूळ स्वीडनच्या गिडियन सुंडबॅकने दोन्ही बाजूंना एकसारखे दाते बसवून हा प्रश्न सोडवला. त्याला 1917 साली मिळालेल्या पेटंटातलं तत्त्वच आजच्या चेनमध्ये आहे.

बॅग गच्च भरून आपण चेन ओढतो तेव्हा दोन्ही पट्ट्या बाहेरच्या बाजूला ताणलेल्या असतात. तो ताण रनरच्या कडांवर येतो आणि पत्र्यांची मागची टोकं दर वेळी किंचित दूर ढकलतो. त्यात धूळ आणि वाळूचे कण आतून घासत असतात. दाते मऊ आणि रनर धातूचा, तरी झिजतो रनरच, कारण प्रत्येक दाता दर खेपेला रनरवर एकदाच घासतो, रनर मात्र सगळ्या दात्यांवर घासत जातो. मागची फट दोन-तीन दशांश मिलिमीटर वाढली तरी एक रांग दुसरीपेक्षा जरा वर राहते, डोकी अर्धवट अडकतात आणि पहिल्या ताणाला सुटतात.

माझ्या बॅगेला दोन रनर होते, त्यामुळे हे तपासता आलं. उजवा मी रोज वापरायचो, डावा जवळपास कधीच नाही. उजवा त्याच्या टोकाला नेऊन ठेवला आणि डावा सगळ्या चेनवरून फिरवला. चेन घट्ट लागली. म्हणजे दाते निर्दोष होते. मग झेरॉक्सच्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या. असा कागद साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो. रनरच्या मागच्या कडेच्या फटीत, कापडी पट्टीच्या वर, डाव्या रनरमध्ये एकच कागद कसाबसा शिरला. उजव्यात चार शिरले. बिघाड मोजून हाती आला होता.

तुमच्या बॅगेला एकच रनर असेल, तर चेन कुठे फाकते ते बघा. रनर जिथून जाईल तिथे सगळीकडे फाकत असेल तर दोष रनरचा. नेहमी एकाच जागी फाकत असेल तर त्या जागचे दाते चेपलेले असतात किंवा पट्टीवरून सुटलेले असतात, आणि तिथे रनर दाबून उपयोग नाही. जॅकेटची चेन खालच्या टोकाकडून उघडत असेल तर आधी खालची पिन डबीत पूर्ण तळापर्यंत गेली आहे का ते पाहा.

दुरुस्तीला एक छोटी पक्कड पुरते. आधी जुन्या टूथब्रशने दाते आणि रनर साफ करा. मग रनर चेन पूर्ण उघडी असते त्या टोकाला आणा. चेन मागे फाकलेली असली तरी रनर हळूहळू मागे येतो, फक्त ओढाताण करू नका. पकडीच्या जबड्यावर पातळ कापड ठेवा, म्हणजे रनरचा मुलामा खरवडणार नाही. आता रनरच्या मागच्या अर्ध्या भागाची एक कड, वरचा आणि खालचा पत्रा मिळून, जबड्यात धरून हलका दाब द्या. तेवढाच दाब दुसऱ्या कडेला. मधोमध दाबू नका आणि पाचरीच्या बाजूला तर अजिबात नको, तिथल्या वाटा आखडल्या की रनर अडकतो. एकेका दाबानंतर चेन लावून पाहा. माझ्या रनरला दोन्ही कडांना तीन-तीन दाब लागले. दोनांनंतर चेन लागत होती, पण बोटांनी ताणली की सुटत होती. तिसऱ्यानंतर धरली.

इथे घाई महागात पडते. बरेचसे रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. हा धातू थोडासाच वाकतो, पुढे तडकतो. दाब जास्त झाला आणि रनर जड चालू लागला, तर मागच्या फटीत बारीक पेचकस घालून किंचित पिळता येतं, पण हे एकदाच. वाकवणं आणि सरळ करणं दोनदा-तीनदा झालं की तडा ठरलेला. कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत राहिलेल्या रनरवर पांढरी भुकटी दिसली तर जस्त गंजायला लागलं आहे, तो दाबायलाच जाऊ नका. मेणबत्ती घासून रनर हलका चालतो हे खरं, पण वाढलेली फट मेणाने भरत नाही.

दाबलेला रनर किती टिकेल हे आतल्या झिजेवर अवलंबून आहे. कडा आतून पातळ झाल्या असतील तर काही आठवड्यांत चेन पुन्हा फाकेल. तेव्हा फक्त रनर बदलायचा, चेन नाही. रनरच्या पाठीवर बहुधा 3, 5, 8 किंवा 10 असा आकडा कोरलेला असतो. तो लावलेल्या दात्यांची रुंदी साधारण मिलिमीटरमध्ये सांगतो. पण आकडा जुळणं पुरेसं नाही, चेनची जातही जुळायला हवी. गुंडाळीच्या 5 नंबरचा रनर जॅकेटच्या जाड प्लास्टिक दात्यांच्या 5 नंबरवर नीट चालत नाही, कारण आतल्या पोकळीचा आकार वेगळा असतो. दुकानात जुना रनर आणि चेनचा फोटो, दोन्ही न्या. बॅगेच्या चेनच्या टोकाची शिवण दोन-तीन सेंटिमीटर उसवा आणि पट्ट्यांची दोन्ही टोकं समान कापा. जिथून चेन लागायला सुरुवात होते त्या टोकाला ती पुढच्या दोन वाटांत एकाच वेळी सारा. एक बाजू जरी दोन दाते पुढे गेली तरी पूर्ण चेनवर सुरकुती पडते. तसं झालं तर रनर काढून पुन्हा घाला, आणि शेवटी टोकाला जाड दोऱ्याचे पाच-सहा टाके एकावर एक घालून थांबा तयार करा, म्हणजे रनर निसटणार नाही.