वायफायचा पासवर्ड बदलताना नेट तुटलं: बदल झाला की अर्धवट राहिला?

फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडलं, वायफायचा नवा पासवर्ड टाकला, `Save` दाबलं. पानावरचं चक्र फिरत राहिलं आणि थोड्या वेळाने ब्राउझरने सांगितलं की पान उघडत नाही. इथे दोन शक्यता असतात. एकतर पासवर्ड व्यवस्थित बदलला आहे आणि म्हणूनच तुम्ही बाहेर पडला आहात. नाहीतर तुमची विनंती राउटरपर्यंत पोचलीच नाही आणि जुनाच पासवर्ड चालू आहे. फोनच्या पडद्यावर दोन्ही वेळा दृश्य तेच दिसतं. त्यामुळे बरेच जण घाबरून राउटरचा स्विच बंद-चालू करतात किंवा मागच्या छिद्रात पिन घालून रिसेट मारतात. पहिल्या शक्यतेत काहीच बिघडलेलं नसतं, पण रिसेटमुळे मात्र खरंच बिघडू शकतं.

आधी बदल यशस्वी होतो तेव्हा आत काय घडतं ते पाहू. `Save` दाबल्यावर ब्राउझर नवा पासवर्ड एका छोट्या निरोपात राउटरला पाठवतो. तो पोचायला क्षणभरही लागत नाही. राउटर तो आपल्या मेमरीत लिहितो आणि नवी सेटिंग लागू करण्यासाठी वायफायचा रेडिओ बंद करून पुन्हा चालू करतो. रेडिओ बंद झाला की त्यावर जोडलेलं प्रत्येक यंत्र सुटतं: तुमचा फोन, टीव्ही, शेजारच्या खोलीतला लॅपटॉप, सगळे. गंमत अशी की ‘बदल झाला’ हे सांगणारं पानही त्याच रेडिओवरून यायचं असतं. काही राउटर ते पान आधी पाठवून मग रेडिओ बंद करतात, काही आधी बंद करतात. दुसऱ्या प्रकारात काम झालेलं असतं, पण त्याची पोचपावती तुमच्यापर्यंत येत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा उलगडा त्यावर उभा आहे. वायफायचा पासवर्ड फक्त जोडणी होताना तपासला जातो. एकदा आत आलेल्या फोनला राउटर दर मिनिटाला पासवर्ड विचारत बसत नाही. म्हणजे जोडणी तुटली ती पासवर्ड जुळला नाही म्हणून नव्हे, तर रेडिओ बंद झाला म्हणून. पासवर्डचा प्रश्न त्यानंतर येतो. रेडिओ पुन्हा चालू होतो, फोनला ओळखीचं नाव दिसतं आणि तो आपल्याकडे साठवलेला जुना पासवर्ड घेऊन आपणहून परत जोडायला जातो. पासवर्ड हवेतून कधीच जसाच्या तसा पाठवला जात नाही. फोन आणि राउटर आपापल्याकडच्या पासवर्डवरून आणि नेटवर्कच्या नावावरून एक लांबलचक किल्ली तयार करतात आणि ती दोघांकडे सारखी आहे का, हे काही निरोपांच्या देवाणघेवाणीतून पडताळतात. किल्ली जुळली नाही की राउटर पुढे जात नाही, फोन वाट पाहून पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी सोडून देतो. अँड्रॉइडवर मग `Check password and try again` असं काहीतरी दिसतं. काही फोनवर नावाखाली नुसतं `Saved` दिसतं आणि जोडणी होत नाही. अशा वेळी नावावर बोट ठेवलं तर खरं कारण समजतं.

म्हणून तुटण्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते परत जोडताना. फोन जुन्याच पासवर्डने मुकाट्याने आत आला, तर त्या नेटवर्कचा पासवर्ड बदललेला नाही. जुना पासवर्ड नाकारला गेला, तर बदल झाला आहे. `Save` नंतर दोनेक मिनिटं राउटरला हात न लावता थांबायचं आणि फोन काय करतो ते पाहायचं. मेमरीत लिहिणं चालू असताना वीज तोडली तर सेटिंग खराब होण्याची शक्यता असते, तेव्हा या दोन मिनिटांत स्विचपासून दूर राहणंच बरं.

बदल न पोचता नेट तुटण्याची वाट वेगळी आहे आणि ती बहुतेकदा फोनमधूनच जाते. समजा फायबर बंद पडलं आहे, वायफायच्या खुणेवर उद्गारचिन्ह आलं आहे, आणि तुम्ही नेमके याच वेळी पासवर्ड बदलायला बसला आहात. वायफायला इंटरनेट नाही हे लक्षात आल्यावर बरेच फोन आपणहून मोबाईल डेटाकडे वळतात. तिकडून राउटरच्या पानाचा `192.168.1.1` हा पत्ता कुठेच पोचत नाही, कारण हा पत्ता फक्त घरातल्या नेटवर्कपुरता असतो. सिग्नल कमकुवत असेल, म्हणजे राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही टोकाच्या बेडरूममध्ये, तरी हेच होतं. अशा वेळी राउटरचा रेडिओ बंद झालेलाच नसतो. म्हणूनच ओळखायची एक सोपी खूण आहे: टीव्हीवर किंवा दुसऱ्या फोनवर नजर टाका. तेही एकदम सुटले असतील तर राउटरने काहीतरी लागू केलं आहे. फक्त तुमचाच फोन सुटला असेल तर गडबड तुमच्या फोनच्या बाजूला आहे. हे टाळायला पासवर्ड बदलण्याआधी मोबाईल डेटा बंद करायचा आणि राउटरच्या खोलीत बसायचं.

आणखी एक प्रकार: लॉगिन करून पान उघडं ठेवलं, मध्ये फोन आला, दहा मिनिटांनी येऊन `Save` दाबलं. तोवर राउटरने तुम्हाला बाहेर काढलेलं असतं आणि समोर पुन्हा लॉगिनचं पान येतं. यात वायफाय तुटत नाही, फक्त टाकलेला पासवर्ड वाया जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन बँडच्या राउटरमध्ये. एक उदाहरण नीट पाहू. घरात दोन नावं दिसतात, `Ghar_2.4` आणि `Ghar_5G`. दोन्हींचा पासवर्ड एकच आहे, म्हणून घरातल्यांच्या लेखी ते एकच वायफाय आहे. राउटरच्या आत मात्र ही दोन वेगळी नेटवर्कं असतात आणि सेटिंगची पानंही दोन असतात. फोन `Ghar_5G` वर आहे. तुम्ही 2.4 GHz च्या पानावर जाऊन पासवर्ड बदलता आणि `Save` दाबता. राउटर सावधपणे दोन्ही रेडिओ बंद करून चालू करतो, फोन सुटतो, पान अडकतं. मिनिटभरात फोन जुन्या पासवर्डने `Ghar_5G` वर परत येतो. तुम्ही म्हणता, बदल झालाच नाही. पुन्हा तेच पान, पुन्हा तोच पासवर्ड, पुन्हा तीच तुटातूट. तिकडे टीव्ही मात्र `Ghar_2.4` वर असल्यामुळे तो जोडलाच जात नाही, आणि घरात आता दोन तक्रारी आहेत: पासवर्ड बदलत नाही आणि टीव्ही बिघडला.

खरं तर बदल पहिल्याच वेळी झाला होता, पण अर्ध्या घरापुरता. फोन परत आला की तो कोणत्या नावाने आला हे आधी वाचायचं. ज्याचा पासवर्ड बदलला तेच नाव यादीत शोधून त्यावर जोडून पाहायचं. दोन्ही बँडचा पासवर्ड बदलायचा असेल तर ज्या बँडवर फोन नाही त्याचा आधी बदला आणि ज्यावर बसला आहात त्याचा शेवटी. दोन्ही बँड एकाच नावाखाली चालवणारी सोय राउटरमध्ये चालू असेल तर हा प्रश्न येत नाही, तिथे एकदाच बदल करावा लागतो.

जुना पासवर्ड नाकारला गेला, पण नवाही चालत नाही, असंही होतं. तेव्हा बदल झालेला असतो, फक्त तुम्हाला वाटतो तो पासवर्ड बसलेला नसतो. फोनवर टाइप करताना हे सहज घडतं. कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक मोकळी जागा जोडली जाते, आणि ती ठिपक्यांच्या मागे दिसत नाही. ब्राउझरने साठवलेला राउटरचा लॉगिन पासवर्ड वायफायच्या रकान्यात आपोआप भरला जाण्याचीही शक्यता असते, म्हणून नवा पासवर्ड चालेना तर राउटरचा लॉगिन पासवर्ड वायफायला टाकून पाहा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर १२३ असे देवनागरी आकडे जातात. वायफायचा पासवर्ड इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिळून 8 ते 63 खुणांचा असतो, त्यामुळे बरेच राउटर असा पासवर्ड नाकारतात, पण नाकारल्याचं नीट सांगतीलच असं नाही. `Save` दाबण्याआधी डोळ्याच्या खुणेवर दाबून पासवर्ड उघडा वाचावा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा.

आता ते फसवं प्रकरण, ज्यात बदल होतो पण टिकत नाही. स्थानिक केबलवाले जी फायबरची पेटी बसवतात, तिच्यातल्या काहींवर `Apply Changes` वेगळं आणि `Commit/Reboot` वेगळं असतं. पहिल्याने सेटिंग लागू होते, दुसऱ्याने ती कायमची लिहिली जाते. `Apply Changes` दाबताच जोडणी तुटते आणि आपण नव्या पासवर्डने परत जोडून निश्चिंत होतो. काही दिवसांनी वीज जाते, परत येते आणि जुना पासवर्ड जिवंत होतो. अशी पेटी असेल तर नव्या पासवर्डने आत आल्यावर पुन्हा ते पान उघडून `Commit/Reboot` करायलाच हवं.

परत आत जाताना फोनमधलं नेटवर्क `Forget` करून नव्या पासवर्डने जोडावं, नाहीतर काही फोन जुनाच पासवर्ड पुढे करत राहतात. मग ब्राउझरमध्ये अडकलेलं जुनं पान रीफ्रेश करू नका, कारण ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू शकतो आणि रेडिओ पुन्हा बंद होईल. पत्ता नव्याने टाका. त्याआधी फोन कोणत्या वायफायवर आहे तेही बघा, कारण मधल्या काळात तो शेजारच्या ओळखीच्या नेटवर्कवर गेला असेल तर `192.168.1.1` वर त्यांच्या राउटरचं लॉगिन पान उघडेल, आणि दोघांकडे एकाच कंपनीची पेटी असेल तर ते पान तुमच्यासारखंच दिसेल.

काहीही केलं तरी वायफायवर जाताच येत नसेल, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. केबलला वायफायचा पासवर्ड लागत नाही, तेव्हा सेटिंगच्या पानावर जाऊन आत नेमका कोणता पासवर्ड बसला आहे ते पाहता येतं. पिन घालून रिसेट करण्याआधी नेट देणाऱ्याला फोन करून विचारा, कारण अनेक पेट्यांत इंटरनेटचं युजरनेम आणि पासवर्ड आतच भरलेले असतात. रिसेटने तेही पुसले गेले तर वायफाय मिळेल, पण नेट येणार नाही.