गोजिरा : राक्षसपटातील अणुभीती

जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेला तोहो कंपनीचा चित्रपट आणि त्यातला महाकाय प्राणी. जगात तो ‘गॉडझिला’ या नावाने ओळखला जातो. मराठीतल्या ‘गोजिरा’ या शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या जोडणीतून ते झाले. राक्षसपट आपल्या काळाची भीती कशी अंगावर वागवतो, हे पाहायचे तर याच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अपेक्षेच्या अडीच पटींनी मोठा, सुमारे १५ मेगाटनांचा निघाला. धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले. बोटीचे रेडिओचालक सप्टेंबरमध्ये वारले. या बोटीची ट्यूना मासळी बाजारात पोहोचल्यावर जपानभर घबराट पसरली आणि रोजच्या जेवणातला मासा संशयास्पद झाला.

चित्रपट सुरू होतो तोही एका बोटीवर. डेकवर खलाशी निवांत बसलेत, वाद्य वाजते आहे. इतक्यात समुद्र लखलखतो आणि बोट पेट घेते. राक्षस अजून दिसलेलाही नसतो. त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला या उजेडाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. पुढे लोकलगाडीत एक तरुणी सहज बोलून जाते : आधी अणुबाधित ट्यूना, मग किरणोत्सर्गी पाऊस, आता हा गोजिरा, नागासाकीतून कसाबसा वाचवलेला जीव आहे माझा. शेजारचा प्रवासी म्हणतो, पुन्हा गाव सोडून जायची वेळ येणार. युद्धात शहरे रिकामी करून लोक खेड्यांत गेले होते, तीच आठवण त्याच्या तोंडून निघते. चित्रपटाची सगळी भीती या दोन-चार वाक्यांत आहे, असे मला वाटते. राक्षस नवा आहे, पण त्याच्यापासून पळण्याची सवय जुनी आहे.

अमेरिकी ताब्याच्या काळात, १९५२ पर्यंत, हिरोशिमा-नागासाकीबद्दल लिहिण्या-दाखवण्यावर कडक सेन्सॉरशिप होती. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी चीनमधून सैनिक म्हणून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा डोळ्यांनी पाहिले होते. जे थेट दाखवणे कठीण होते, ते त्यांनी प्राण्याच्या अंगावर घातले. त्याची खडबडीत कातडी भाजलेल्यांच्या अंगावरच्या व्रणांची आठवण देते. तो रात्री येतो आणि टोकियो जाळत जातो. यात मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्याची रात्र आहे. एक आई मुलांना कवटाळून सांगते, आता आपण बाबांकडेच जाणार. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जखमी दाटीवाटीने पडलेले असतात आणि एका लहान मुलीजवळ किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र धरले की ते कडकडू लागते. इतर राक्षसपट सहसा जखमींपाशी एवढे थांबत नाहीत.

हीच भीती अमेरिकेत वेगळी दिसते. १९५३ च्या एका अमेरिकी चित्रपटात आर्क्टिकमधल्या अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी न्यूयॉर्कवर चालून येतो. पण त्याला मारायलाही किरणोत्सर्गी समस्थानिकच वापरले जाते. म्हणजे बॉम्बने घडवलेले संकट बॉम्बच्याच विज्ञानाने मिटते. गोजिराला मारणारे अस्त्र मात्र त्याचा निर्माता सेरिझावा याला वापरायचेच नसते. ते राजकारण्यांच्या हाती जाईल या भीतीने तो कागद जाळतो आणि समुद्राच्या तळाशी गोजिरासोबत स्वतःही मरतो. ज्याने बॉम्ब टाकला आणि ज्याने तो सोसला, त्यांच्या कथांचे शेवट असे वेगळे झाले.

या वाचनाला मर्यादाही आहेत. प्रत्येक राक्षसाला एखाद्या भीतीचे लेबल चिकटवता येते, म्हणून पुरावा चित्रपटातच शोधावा लागतो : पात्रे कशाचे नाव घेतात, कॅमेरा कुठे रेंगाळतो, संकट कोणत्या उपायाने संपते. काळ बदलला की अर्थही बदलतो. साठच्या दशकाच्या मध्यापासून हाच गोजिरा हळूहळू पृथ्वीचा रक्षक आणि मुलांचा लाडका झाला.

१९५६ मध्ये अमेरिकेत चित्रपट नव्याने संकलित झाला. एका अमेरिकी वार्ताहराची भूमिका त्यात घुसवली गेली. गाडीतले नागासाकीचे वाक्य गेले. मूळ शेवटी वृद्ध शास्त्रज्ञ यामाने पुटपुटतात की हा शेवटचा गोजिरा असेल असे वाटत नाही, चाचण्या चालू राहिल्या तर दुसरा कुठेतरी येईल. तेही वाक्य गेले, आणि त्या जागी जग आता निश्चिंत जगू शकेल असा दिलासा आला.