कायझेन

कायझेन हा जपानी भाषेतला ‘सुधारणा’ या अर्थाचा साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘काइ’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगले. दोन देशांचे संबंध सुधारले, आहार सुधारला, कामगारांना मिळणारी वागणूक सुधारली, तरी जपानी वर्तमानपत्रांत हाच शब्द येतो. ती सुधारणा छोटी असावी किंवा सतत चालत राहावी, असे त्या शब्दात मुळात काहीही नाही. ‘थोडी थोडी, न थांबता, सगळ्यांच्या सहभागाने’ हा अर्थ त्याला दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत मिळाला. तो वेगळा ओळखू यावा म्हणून या अर्थाने जपानीत हा शब्द पुष्कळदा चित्राक्षरांऐवजी काताकाना लिपीत लिहितात.

युद्धानंतर जपानी खेड्यांत सरकारने राहणीमान सुधारण्याचा कार्यक्रम राबवला, त्याच्याही नावात हाच शब्द होता. १९४८ पासून कृषी खात्याच्या महिला कार्यकर्त्या गावोगाव जात आणि तिथल्या बायकांना एकत्र बसवून घरातल्या अडचणी मांडायला लावत. सर्वांत गाजलेले काम चुलीचे. वाकून, धुरात स्वयंपाक करावा लागे, तिथे उंच आणि धुराडे असलेली चूल आली. अडचण जिची, बदल तिचा आणि आरामही तिलाच, असा तो हिशेब सरळ होता. कारखान्यात शिरल्यावर हे तिन्ही धागे एकमेकांपासून सुटत गेले, आणि या शब्दाच्या पुढच्या प्रवासात महत्त्वाचे तेच आहे.

कारखान्यातल्या कायझेनची पद्धत बरीचशी अमेरिकेतून आली. युद्धकाळात तिथे नवख्या कामगारांकडून भराभर उत्पादन काढण्यासाठी पर्यवेक्षकांना प्रशिक्षण दिले जाई. १९५० च्या सुमारास ते जपानमध्ये आले आणि त्यातल्या एका भागाला ‘कायझेन कसे करावे’ असेच नाव मिळाले. त्यात चार पायऱ्या होत्या : कामातली प्रत्येक हालचाल लिहून काढणे, प्रत्येकीला हे का, कुठे, केव्हा, कोणी, कसे असे विचारणे, अनावश्यक हालचाली काढून टाकून उरलेल्या जोडणे, त्यांचा क्रम बदलणे किंवा त्या सोप्या करणे, आणि शेवटी नवी पद्धत लागू करणे. टोयोटा मोटार कंपनीचे एजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेतला फोर्डचा कारखाना पाहून आले. तिथल्या सूचनापेटीच्या धर्तीवर टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या कल्पना मागवणारी योजना सुरू केली.

टोयोटाच्या ताईची ओनो यांनी या पद्धतीला एक कडक अट घातली : आधी प्रमाण ठरले पाहिजे. काम कोणत्या क्रमाने आणि किती सेकंदांत करायचे, हे कामाच्या जागी कागदावर लावलेले हवे. नाहीतर बदलाने सुधारणा झाली की नुसता फरक पडला, हे कळणार कसे? बदल टिकला की तो कागद नव्याने लिहायचा. म्हणून कारखान्यात कायझेन खरोखर चालू आहे का, हे पाहण्याची एक चांगली खूण म्हणजे त्या कागदावरची तारीख. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, तर भिंतीवर कितीही फलक असले तरी सुधारणा थांबलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, जुळणीच्या ओळीत पाच कामगार आहेत आणि दर ६० सेकंदांनी एक नग बाहेर पडायला हवा. एका नगाचे सगळे काम मिळून २८५ सेकंदांचे आहे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५७ सेकंद. एका कामगाराला बोल्ट घ्यायला दर वेळी दोन पावले मागे जावे लागते. तो पेटी उतरत्या फळीवर हाताशी आणून ठेवतो आणि ३ सेकंद वाचतात. इथपर्यंत ही चुलीसारखीच सुधारणा आहे : त्याचे पाय वाचले. इतरांनीही असेच बदल करत करत एकूण काम २४० सेकंदांवर आले, की वाचलेला वेळ पाच जणांत वाटून प्रत्येकाची उसंत ३ वरून १२ सेकंदांवर नेता येते. ओनोंची पद्धत तसे करत नाही. ती चार जणांना पूर्ण ६० सेकंदांचे काम देते आणि पाचव्याला ओळीतून मोकळे करते. मोकळा होणारा माणूस सर्वांत कुशल असावा आणि त्याला पुढच्या सुधारणांच्या कामाला लावावे, असा ओनोंचा आग्रह होता. नोकरी जाणार असेल तर दुसरी कल्पना कोणी देणार नाही, हे त्यामागचे कारण. तरीही उरलेल्या चौघांच्या कामातली ती तीन सेकंदांची फटही गेली. त्यामुळे कायझेनने काम हलके होते की घट्ट होते, या प्रश्नाचे उत्तर पेटीच्या जागेत सापडत नाही; ते वाचलेल्या सेकंदांच्या वाटणीत असते.

दुसरा प्रश्न वेळेचा. १९६२ पासून जपानी कारखान्यांत गुणवत्ता मंडळे पसरली. कामगारांनी पाळी संपल्यावर जमून दोष शोधायचे, असे त्यांचे रूप होते आणि सहभाग ऐच्छिक मानला जाई. प्रत्यक्षात बढतीच्या वेळी तो पाहिला जाई. २००२ मध्ये टोयोटाच्या एका कारखान्यातला तीस वर्षांचा कर्मचारी रात्रपाळीत कोसळून मरण पावला. अखेरच्या महिन्यात त्याचे जादा काम शंभर तासांहून अधिक झाले होते. मंडळाचे काम त्यात धरायचे की नाही, यावर वाद झाला. २००७ मध्ये नागोया जिल्हा न्यायालयाने ते कामच आहे असे ठरवून हा मृत्यू अतिश्रमाचा मानला. पुढच्या वर्षी टोयोटाने मंडळांच्या वेळेचा पूर्ण मोबदला द्यायचे ठरवले. ऐच्छिकपणाचा पडदा दूर व्हायला चार दशके आणि एका घराचे दुःख लागले, ही या इतिहासातली सर्वांत जड नोंद आहे.

जपानबाहेर हा शब्द मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या इंग्रजी पुस्तकाने पोहोचवला. लगेचच अमेरिकेत त्याचे आणखी एक रूप तयार झाले : टोयोटातून बाहेर पडलेले सल्लागार येऊन पाच दिवसांत एक विभाग उलटापालटा करत. सोमवारी मोजमाप, शुक्रवारी सादरीकरण. सततची, हळू चालणारी गोष्ट इथे ठरावीक तारखांचा कार्यक्रम झाली. असे बदल अनेकदा काही आठवड्यांतच विरतात, कारण प्रमाणाचा कागद बदलण्याची जबाबदारी रोज तिथे उभ्या राहणाऱ्या कोणाकडेही सोपवलेली नसते. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत तर शब्द मोजता येणारा झाला आहे : ‘या महिन्यात किती कायझेन दिले?’ असे विचारले जाते, आणि आधीचा व नंतरचा फोटो लावलेला तक्ता म्हणजे एक कायझेन. संख्येचे उद्दिष्ट ठरले की मग झाडूला खुंटी लावल्याचे तक्ते वाढतात आणि अवघड दोष तसेच राहतात.

कार्यालयात अडचण वेगळी असते. एखाद्या अर्जावर प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे असते आणि तो नऊ दिवस टेबलांवर पडून राहतो. वेळ खाणारी जागा दोन विभागांच्या मध्ये असल्याने एकट्या कारकुनाच्या हाती बदलण्यासारखे फारसे नसते. कारखान्यात ठिसूळ ठरलेला पाच दिवसांचा कार्यक्रम म्हणूनच इथे जास्त उपयोगी पडतो. निर्णयाचा अधिकार असलेली सगळी माणसे निदान एका खोलीत येतात. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ मध्ये आपले अधिकारी जपानी कारखाने पाहायला पाठवून ही पद्धत घेतली. तिथे कार्यशाळा संपल्यावर ३०, ६० आणि ९० दिवसांनी तीच मोजमापे पुन्हा घेतली जातात.