रॅक फोकसचा शॉट घ्यायचाय? लेन्स नेण्याआधी हे वाचा

शॉर्टफिल्म किंवा रीलसाठी आमच्याकडून लेन्स भाड्याने नेणारे बरेच जण सांगतात, "पुढच्या वस्तूवरून मागच्या माणसावर फोकस सरकतो ना, तसा शॉट हवाय." त्यावर आम्ही आधी एकच विचारतो: फोकस सरकल्यावर प्रेक्षकाला असं काय कळणार आहे, जे त्याआधी माहीत नव्हतं? याचं उत्तर तयार असेल तर पुढचं सगळं सोपं होतं.

एक साधा प्रसंग घेऊ. पुढे टेबलावर औषधाची डबी आहे. मागे दारात आजोबा चपला घालून प्रवासाला निघालेत. फोकस डबीवरून आजोबांवर नेला तर प्रेक्षक समजतो की औषध घेणारा माणूस हा, आणि तो निघालाय. आता उलट करा. फोकस आजोबांवर ठेवा. ते बाहेर पडतात, दार ओढून घेतात, आणि तेव्हा फोकस डबीवर येतो. आजोबा औषध विसरले हे प्रेक्षकाला कळलं, आजोबांना अजून कळलेलं नाही. मांडणी तीच, पण गोष्ट दुसऱ्या दिशेनेच घडते. आम्ही इथे ही दुसरी दिशा धरतो.

फोकस सरकायला दृश्यातलंच निमित्त लागतं. इथे ते कडीचा आवाज आहे. कडी वाजल्यावर अर्धा सेकंद थांबून लेन्सची फोकस रिंग फिरवायला घ्या आणि साधारण एका सेकंदात डबीवर पोहोचा. कडीच्या आधीच फोकस निघाला तर प्रेक्षकाला कॅमेऱ्यामागचा माणूस जाणवतो. डबीवर पोहोचल्यावर दोन-तीन सेकंद काहीही हलवू नका. एडिटिंगमध्ये नेमका हाच थांबा कमी पडतो, म्हणून शूट करताना तो जरा जास्तच घ्या.

आता मापं. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, अपर्चर २.८. डबी कॅमेऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर, आजोबा ३ मीटरवर. या मांडणीत आजोबा साधारण कमरेपासून वर दिसतात आणि फोकस त्यांच्यावर असताना डबी चांगली धूसर राहते. तिकडे फोकसला पुढेमागे मिळून अर्ध्या मीटरहून जास्त सूट आहे, आजोबा थोडे सरकले तरी चालतं. डबीवर मात्र ती सूट जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणजे खरी कसोटी डबीवर पोहोचताना आहे.

म्हणून आधी डबीवर फोकस लावा, स्क्रीनवर चित्र मोठं करून झाकणावरची अक्षरं स्पष्ट दिसतात का बघा, आणि लेन्सची रिंग फिरवायला जोडतात त्या चाकाच्या, म्हणजे फॉलो फोकसच्या, पांढऱ्या चकतीवर मार्करने रेघ ओढा. दुसरी रेघ आजोबांच्या जागेची. त्यांच्या पायाशी जमिनीवर टेपही चिकटवा. शॉट चालू असताना नजर स्क्रीनवर नको, चकतीवर हवी. स्क्रीन बघून फोकस शोधणारा हात रेघ ओलांडून पुढे जातो आणि परत येतो. मोबाइलवर ती चूक लपते, मोठ्या पडद्यावर लगेच दिसते. प्रत्येक टेक लॅपटॉपवर बघूनच मांडणी मोडा.

फॉलो फोकस नसेल तर एक चांगली युक्ती आहे. मेकॅनिकल रिंगची लेन्स जवळच्या टोकाला अडते. कॅमेरा पुढे घेऊन डबी बरोबर त्या टोकाच्या अंतरावर ठेवा. रिंग अडली की फोकस लागलेलाच असेल. अनेक ऑटोफोकस लेन्समध्ये मात्र रिंग आतल्या मोटरला फक्त इशारा देते. ती भरभर फिरवली तर फोकस जास्त सरकतो, सावकाश फिरवली तर कमी, त्यामुळे रेघा उपयोगाच्या राहत नाहीत. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत हे बदलता येतं. तसं नसेल तर या शॉटसाठी आमच्याकडची जुनी मॅन्युअल लेन्स घ्या. तिचं भाडंही कमी आहे.

लेन्स घेताना दुकानातच रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फ्रेमची कड बघा. चित्र आतबाहेर होताना दिसलं तर त्याला ब्रीदिंग म्हणतात. थोडं असेल तर हरकत नाही, पण खूप असेल तर प्रेक्षकाला झूम झाल्यासारखं वाटतं आणि डबीवरचं लक्ष उडतं.

डबी धूसर असतानाही फ्रेममध्ये असतेच, हे विसरू नका. तिच्यावर दिव्याची चकाकी पडली तर धूसरपणातही डोळा आधी तिकडेच जातो आणि गुपित फुटतं. दिवा जरा वळवा. डबी आजोबांच्या अगदी जवळ, त्यांच्या कमरेच्या बाजूला दिसेल अशी ठेवा, म्हणजे फोकस बदलताना नजरेला फ्रेमभर फिरावं लागत नाही.

मोबाइलवर हे करायचं असेल तर वस्तू १०-१५ सेंटिमीटरवर आणावी लागते. लेन्स इतकी छोटी असते की त्याहून लांबचं बरंचसं एकदमच स्पष्ट दिसतं. सॉफ्टवेअरने मागचं धूसर करणारा मोड केसांच्या आणि काचेच्या कडांवर फसतो. डबी काचेची असेल तर तो वापरू नका.

बुकिंग करताना पुढची वस्तू आणि मागचा माणूस कॅमेऱ्यापासून किती अंतरावर असतील ते मोजून सांगा. खोली लहान असेल तर तेही सांगा. त्यावरून ३५ द्यायची की ५०, ते आम्ही ठरवतो.