घरी घेतलेले रक्त आणि वाटेत घटलेली साखर

‘७२ तपासण्या फक्त ९९९ रुपयांत, नमुना घरी येऊन नेऊ’ असे सांगणारी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत जळगाव-धुळ्याकडच्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एव्हाना बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यात रक्तगणना, यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि साखर अशी नावे सोप्या भाषेत समजावलेली असतात, किंमत ठळक अक्षरांत झळकते आणि शेवटी सकाळी उपाशी राहण्याची सूचना येते. यात खोटे सहसा काही नसते; मात्र रक्त शरीराबाहेर पडल्यापासून यंत्रात जाईपर्यंत त्याचे काय होते, हे त्यात बहुधा येत नाही.

आधी त्या ७२ या आकड्याविषयी थोडेसे. एकूण प्रथिने ७.२ आणि अल्ब्युमिन ४.२ निघाले की वजाबाकीने ग्लोब्युलिन ३.० मिळते आणि भागाकाराने त्या दोघांचे गुणोत्तर १.४ येते; रक्ताला पुन्हा हात न लावता यादीत दोन ‘तपासण्या’ वाढतात. व्हीएलडीएल कोलेस्टेरॉलही बहुतेक ठिकाणी ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून काढतात. ही गणिते निरुपयोगी नाहीत, पण दोन पॅकेजांची तुलना आकड्यावरून करू नये, एवढे त्यावरून कळते.

खरा प्रश्न घरून नेलेल्या नमुन्याचा आहे. नळीतल्या रक्तपेशी काही काळ जिवंतच असतात आणि जगण्यासाठी त्या भोवतालची साखर वापरत राहतात. साध्या नळीत, पेशी वेगळ्या न करता रक्त तसेच ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उष्णतेत हा वेग वाढतो आणि आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे.

समजा, रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादकाची उपाशीपोटीची साखर खरोखर १२४ आहे. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी असल्याने डॉक्टरांनी त्यांना सावध करायला हवे. त्यांचे रक्त सकाळी साडेसहाला घेतले, मग आणखी पाच घरे झाली आणि पेटी साडेदहाला जळगावच्या प्रयोगशाळेत पोचली. तासाला सहा टक्के घट धरली तर चार तासांनी यंत्र सुमारे ९७ दाखवेल. यंत्र अचूक, अहवाल नीट, आणि माणूस मात्र ‘नॉर्मल’ ठरून निर्धास्त घरी बसलेला.

यावरचा रूढ उपाय म्हणजे करड्या झाकणाची नळी, जिच्यात सोडियम फ्लोराइड असते. मात्र फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतील बरीच पुढची पायरी अडवते, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट चालूच राहते आणि त्यानंतर साखर स्थिरावते. म्हणजे या नळीने नुकसान कमी होते, शून्य होत नाही. रक्त गोठल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, जवळच्याच संकलन केंद्रात नळी यंत्रात फिरवून वरचा द्रव पेशींपासून वेगळा केला, तर पुढचा प्रवास फारसा बाधत नाही.

मग सगळ्याच नळ्या बर्फात का ठेवू नयेत, असे कोणी विचारील. पेशी पोटॅशियम आत धरून ठेवतात ते ऊर्जा खर्चून. थंडीत ते काम मंदावते आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यामुळे पेशी वेगळ्या न केलेले रक्त बर्फगार ठेवल्यास अहवालात पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. खड्ड्यांतून हादरे खात गेल्याने किंवा सुईतून जोराने ओढल्याने पेशी फुटल्या तरी तेच होते, पण तेव्हा वरचा पिवळसर द्रव लालसर दिसतो आणि चांगला तंत्रज्ञ तो नमुना परत मागवतो.

जांभळ्या झाकणाच्या नळीतील एचबीएवनसी ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी अशा काही तासांच्या विलंबाने बिघडत नाही, म्हणून दूरच्या गावांसाठी ती सोयीची आहे. खानदेशात तिलाही एक अपवाद आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा काळ मिळत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो; तिथे रक्तातील साखर थेट मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

नमुना घ्यायला आलेल्या व्यक्तीला साखरेसाठी करडी नळी आणली आहे का आणि नळ्या कुठे व किती वाजता फिरवल्या जातील, हे विचारण्यात संकोच नसावा. अहवालावर नमुना घेतल्याची आणि तो प्रयोगशाळेत पोचल्याची अशा दोन वेळा बहुधा छापलेल्या असतात. त्यांतील अंतर पाहावे. घरून नेलेल्या नमुन्याच्या त्या दोन्ही वेळा मिनिटामिनिटाने सारख्या असतील, तर पहिली वेळ घरातली नसून संगणकात नोंद केल्याची आहे असे समजावे. त्यासाठी सुई टोचली तेव्हाची वेळ आपणच कागदावर टिपून ठेवलेली बरी.