वाढणारी रेषा आणि उघडणारी रेषा: नकाशावरील प्रवासमार्गाच्या दोन पद्धती

प्रवासाच्या व्हिडिओत नकाशावर एक रेषा हळूहळू पुढे सरकते आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचते, तेव्हा ते दृश्य दोन अगदी वेगळ्या मार्गांनी तयार झालेले असू शकते. पहिल्या पद्धतीत रेषा खरोखरच वाढत असते, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ती आधीपेक्षा थोडी लांब काढली जाते. दुसऱ्या पद्धतीत पूर्ण रेषा आधीपासून तयार असते आणि तिच्यावरचे आवरण क्रमाने दूर केले जाते. मार्ग सरळ आणि एकाच दिशेने जाणारा असेल, तर दोन्हींचा परिणाम पडद्यावर सारखाच दिसतो, आणि याच कारणाने या दोन पद्धती एकच आहेत असा समज सहज होतो. मार्ग मागे वळला की त्यांच्यातील फरक उघड होतो.

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली पद्धत म्हणजे पेन टूलने काढलेल्या शेप लेयरला Trim Paths जोडणे आणि त्यातील End हा आकडा ० पासून १०० टक्क्यांपर्यंत नेणे. दुसऱ्या पद्धतीचे सर्वांत सोपे रूप म्हणजे रेषेच्या लेयरवर Linear Wipe लावून Transition Completion १०० वरून ० पर्यंत आणणे. मास्कची कड सरकवून किंवा मोबाइलवरील संपादन अ‍ॅपमधील वाइप वापरून मिळणारा परिणामही याच जातीचा असतो. दोन्हीकडे एकच टक्केवारी बदलत असल्याने साम्य वाटते, पण त्या टक्केवारीने मोजली जाणारी वस्तू वेगळी आहे. End हा आकडा मार्गाची लांबी मोजतो, तर वाइपचा आकडा चित्राची रुंदी मोजतो आणि त्या चित्रात कोणता रस्ता कुठून कुठे जातो याची त्याला काहीच माहिती नसते. पुढे येणाऱ्या जवळजवळ सर्व अडचणी या एका फरकातून निर्माण होतात.

एक ठोस मार्ग घेऊन पाहू. १९२० पिक्सेल रुंदीच्या फ्रेममध्ये डावीकडे, ३०० पिक्सेलवर, एक बंदर आहे. तेथून रस्ता पूर्वेकडे ७०० पिक्सेल जाऊन तलावाच्या टोकाशी पोहोचतो, तेथे उत्तरेकडे वळून ३०० पिक्सेल चढतो आणि मग पुन्हा पश्चिमेकडे ६०० पिक्सेल येऊन डोंगरावरील गावात संपतो. एकूण लांबी १६०० पिक्सेल, आणि मुक्कामाचे गाव डावीकडून ४०० पिक्सेलवर, म्हणजे जवळपास बंदराच्याच वर आहे.

या मार्गावर डावीकडून उजवीकडे जाणारा वाइप लावला आणि बंदरापासून तलावाच्या टोकापर्यंतचा पट्टा आठ सेकंदांत उघडला, तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. वाइपची कड सेकंदाला साधारण ८७ पिक्सेल सरकते, त्यामुळे सेकंदाभरानंतर लगेच ती ४०० पिक्सेलची खूण ओलांडते. तेव्हा खालच्या रस्त्यावर प्रवास जेमतेम १०० पिक्सेल झालेला असतो, पण वर मुक्कामाचे गाव दिसू लागलेले असते. तेथून पुढे दोन रेषा एकाच वेळी पूर्वेकडे धावतात: खालची योग्य दिशेने, आणि वरची उलट, म्हणजे मुक्कामाकडून तलावाकडे. शेवटी कड तलावाच्या टोकाशी पोहोचते, तेव्हा उत्तरेकडे जाणारा ३०० पिक्सेलचा संपूर्ण टप्पा रेषेच्या आठ पिक्सेल जाडीएवढ्या अंतरात, म्हणजे दोन-तीन फ्रेममध्ये, एकदम प्रकट होतो. प्रेक्षकाला प्रवासाचा क्रम सांगण्यासाठी ही रेषा काढली होती, आणि तोच क्रम येथे मोडला. ही किरकोळ त्रुटी आहे असे मला वाटत नाही, कारण अशा रेषेपेक्षा स्थिर नकाशा अधिक प्रामाणिक ठरला असता.

Trim Paths मध्ये याच मार्गाचे टोक बंदरातून निघते, तलावापाशी वळते आणि गावात थांबते. शिवाय थांबेही हवे तेथे घेता येतात. तलावाचे टोक १६०० पैकी ७०० पिक्सेलवर आहे, म्हणजे End ४३.७५ टक्के असताना रेषा तेथे पोहोचते. सेकंदाला २०० पिक्सेल हा वेग ठेवला, तर आरंभी ० चा कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणासाठी नेमून दिलेली किंमत, साडेतीन सेकंदांवर ४३.७५ चा पहिला, साडेचार सेकंदांवर त्याच किमतीचा दुसरा, आणि नवव्या सेकंदाला १०० असे ठेवल्यास तलावापाशी एक सेकंदाचा विराम मिळतो आणि दोन्ही टप्प्यांचा वेग समान राहतो. प्रत्यक्षात पिक्सेल मोजत बसण्याची गरज नसते. रेषेचे टोक त्या गावावर येईपर्यंत End चा आकडा ओढावा आणि जो आकडा दिसेल तो टिपून ठेवावा.

या पद्धतीच्या स्वतःच्याही खोड्या आहेत. रेषा मुक्कामाकडून निघाली, तर पेनने बिंदू उलट क्रमाने टाकले गेले आहेत असे समजावे. टाइमलाइनमध्ये पाथच्या शेजारी दिशा उलटवण्याचे बटण असते, तेवढे पुरते. रेषेचे दोन-तीन तुकडे एकाच वेळी वाढू लागले, तर मार्ग अनेक पाथमध्ये काढला गेलेला असतो, आणि Trim Paths मधील Trim Multiple Shapes हा पर्याय Simultaneously वरून Individually वर नेला की ते तुकडे एकामागून एक येतात. तुटक रेषेबाबतही एक काळजी घ्यावी. End हलवताना रेघा जागच्या जागी राहतात, पण मागची बाजू पुसत नेण्यासाठी Start हलवला की रेघांची मोजणी सरकत्या आरंभबिंदूपासून होते आणि संपूर्ण रेषा मुंग्यांच्या रांगेसारखी चालू लागते.

रेषेच्या टोकावर गाडी किंवा विमानाचे चिन्ह हवे असेल, तर वाढणाऱ्या रेषेचा लाभ आणखी ठळक होतो. Create Nulls From Paths या पॅनेलमधील Trace Path हा पर्याय पाथवरून फिरणारा, पडद्यावर न दिसणारा एक नल लेयर तयार करतो, आणि त्याचा Progress हा आकडा End प्रमाणेच पाथच्या लांबीवर चालतो. त्याचे आपोआप आलेले कीफ्रेम काढून तो End ला पिकव्हिपने, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्यावर ओढायच्या दुव्याने, जोडला आणि चिन्हाचा लेयर त्या नलला पेरेंट केला, म्हणजे त्याच्यामागे बांधला, की विरामांसह सर्व हालचालीत चिन्ह टोकावरून ढळत नाही. वाइपच्या बाबतीत असे जोडण्याजोगे टोकच नसते. चिन्ह वेगळे चालवून नजरेने जुळवावे लागते, आणि वळणांवर ते हमखास निसटते.

असे असूनही उघडण्याची पद्धत टाकाऊ नाही, आणि तिच्यावाचून काही कामे होतच नाहीत. शेप लेयरचा स्ट्रोक एकसारख्या रंगाचा किंवा फार तर ग्रेडियंटचा असतो. त्याला कोरड्या ब्रशचा खरखरीतपणा, जलरंगाची ओल किंवा स्कॅन केलेल्या पेन्सिलीचा पोत आणता येत नाही. मार्ग हाताने कागदावर रंगवून चित्र म्हणून आणला असेल, किंवा पावलांचे ठसे एकेक करून मांडलेले असतील, तर वाढवण्याजोगा पाथच उपलब्ध नसतो. तेव्हा ते चित्र तसेच ठेवून त्यावर पेनने मार्गाच्या मध्यातून एक जाड स्ट्रोक काढावा, Trim Paths त्या स्ट्रोकला लावावा आणि चित्राच्या लेयरसाठी त्याची Alpha Matte म्हणून निवड करावी, म्हणजे जेथे तो स्ट्रोक असेल तेवढेच चित्र दिसते. २०२२ मध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीपासून कोणताही लेयर ट्रॅक मॅट म्हणून निवडता येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये तो चित्राच्या लगेच वर असावा लागतो. येथे चित्र उघडते, पण ते उघडणारे आवरण मार्गाच्या लांबीने चालते, म्हणून क्रम बिघडत नाही.

या संयुक्त पद्धतीत निर्णायक गोष्ट असते ती मॅटच्या स्ट्रोकची जाडी, आणि नेमका येथेच निष्काळजीपणा होतो. चित्र पूर्ण झाकले जावे म्हणून जाडी ८० पिक्सेल ठेवली, तर मॅट मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल पसरतो. डोंगरातील नागमोडी रस्त्याच्या दोन समांतर पदरांत मध्यापासून मध्यापर्यंत ३० पिक्सेलच अंतर असेल आणि रेषा आठ पिक्सेल जाड असेल, तर वरच्या पदराची जवळची कड केवळ २६ पिक्सेलवर असते, आणि टोक खालून जाताना वरचा पदरही उघडा पडतो. म्हणून मॅटची जाडी ५२ पिक्सेलपेक्षा कमी हवी, आणि हाताने काढलेल्या रेषेची थरथर सामावण्यासाठी आठपेक्षा बरीच जास्त हवी. या उदाहरणात २० ते ३० पिक्सेल पुरेसे ठरतात. तपासण्यासाठी सर्वांत दाटीचे वळण मोठे करून एकेक फ्रेम पुढे जावे. टोक पोहोचण्याआधी शेजारी रंगाची फटकार दिसली, तर जाडी कमी करावी. उलट रेषेच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर जाडी अपुरी आहे किंवा मॅटचा पाथ मध्यातून सरकला आहे. नकाशावर झूम असेल, तर मॅटचा लेयरही रेषेसोबत त्याच नकाशाला पेरेंट केलेला असावा, नाहीतर झूम सुरू होताच कडा कुरतडल्या जाऊ लागतात.

मार्ग स्वतःलाच छेदत असेल, तर जाडी कितीही कमी केली तरी छेदबिंदूवर पुढच्या टप्प्याचा एक लहान तुकडा वेळेआधी उमटतोच, कारण मॅटला त्या जागी दोन रेषांतील भेद कळत नाही. अशा वेळी चित्राच्या दोन प्रती कराव्यात, एकीत छेदापर्यंतचा आणि दुसरीत उरलेला मार्ग ठेवावा, आणि प्रत्येकीला स्वतंत्र मॅट द्यावा. वाढणाऱ्या साध्या स्ट्रोकला ही शस्त्रक्रिया लागत नाही, कारण तेथे पुढचा टप्पा अजून अस्तित्वातच आलेला नसतो. मात्र गेलेल्या रस्त्यानेच परत यायचे असेल, तर दोन्ही पद्धती सारख्याच हतबल होतात: परतीची रेषा आधीच्या रेषेवर चढते आणि काहीच हलताना दिसत नाही. परतीसाठी दुसऱ्या रंगाचा वेगळा पाथ, रेषेच्या जाडीपेक्षा थोडा अधिक बाजूला सरकवून काढावा. आठ पिक्सेलच्या रेषेसाठी बारा पिक्सेलचे अंतर दोन्ही दिशा स्पष्ट वाचता येण्यास पुरते.