तापातील कोरडे तोंड व उललेले ओठ

ताप आलेल्या किंवा नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाची जीभ कोरडी पडणे, घशाला कोरड पडणे आणि ओठांना भेगा जाणे. घरोघरी दिसणारी ही अवस्था दोन निरनिराळ्या कारणांनी येते. एका प्रकारात फक्त तोंडातली ओल उडून जाते, दुसऱ्यात सगळ्या अंगातलेच पाणी कमी पडते. वरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे.

नाकातून आत जाणारी हवा वाटेतच ऊबदार आणि ओलसर होते. तोंडातून घेतलेल्या हवेला ती सोय नसते, म्हणून ती जिभेवरची आणि टाळूवरची लाळ सुकवत जाते. झोपेत लाळ मुळातच फार कमी सुटते. त्यामुळे नाक बंद असलेला माणूस पहाटे उठतो तो टाळूला चिकटलेल्या जिभेनेच. ताप असला की श्वास जलद होतो, त्वचेतून आणि श्वासातून जास्त पाणी जाते आणि भूक-तहान दोन्ही मंदावतात. सर्दीच्या काही गोळ्या लाळ आणखी आटवतात. विशेषतः ज्यांनी गुंगी येते त्या.

ओठांची गोष्ट थोडी निराळी. ओठाच्या लाल भागावरची त्वचा पातळ असते, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलकटपणा जवळजवळ नसतोच. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या कोरड्या थंडीत निरोगी माणसाचेही ओठ उलतात ते यामुळेच. तापात माणूस ते सारखे जिभेने ओले करतो. लाळ उडून जाताना ओठातली ओल घेऊन जाते आणि लाळेतली पाचक द्रव्ये त्या नाजूक कातडीला झोंबतात. मुलांच्या ओठांभोवती लालसर कडे उमटते ते या चाटण्याचे.

कारण ओळखायची सोपी खूण जिभेच्या खाली आहे. उजेडात तोंड उघडायला लावून जीभ टाळूला लावायला सांगावी आणि जिभेखालची जागा पाहावी, मग गाल बाजूला ओढून हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच पाहावी. तोंडाने श्वास घेणाऱ्याच्या जिभेचा वरचा भाग खरखरीत, पांढुरका झालेला असतो, पण ही आतली जागा ओली चमकते. तीही कोरडी किंवा चिकट लागली, तर पाणी अंगातच कमी पडले आहे असे समजून पुढच्या खुणा पाहाव्यात: लघवी किती वेळापूर्वी झाली, तिचा रंग गडद आहे का, रडताना अश्रू येतात का, डोळे खोल गेले आहेत का. म्हाताऱ्या माणसांत जिभेवरून एवढा नेमका निवाडा होत नाही, कारण त्यांच्यात औषधांनीही तोंड कायम कोरडे असते. तिथे लघवीवर आणि हुशारीवर भर द्यावा.

उदाहरण म्हणून जानेवारीत दहिवडीजवळच्या वस्तीवरचे २० किलो वजनाचे मूल घेऊ. ताप १०२ अंश फॅरनहाइट, नाक पूर्ण बंद, ओठांवर पापुद्रे. जिभेखाली ओल आहे, दुपारी फिकट लघवी झाली आहे. म्हणजे कोरड नाकामुळे आहे. एवढ्या वजनाच्या मुलाला एरवी दिवसाला साधारण दीड लिटर द्रव लागतो आणि तापात त्याहून थोडा जास्त. पेला पुढे केला तर ते तोंड फिरवील, पण जागेपणी दर अर्ध्या तासाला ५० मिली, म्हणजे चहाचे १० लहान चमचे, दिले तर चौदा तासांत १४०० मिली पोटात जाते आणि उरलेली भर भाताची पेज, पातळ वरण, ताज्या ताकातली ज्वारीची आंबील यांनी निघते. पेजेत आणि आंबिलीत चिमूटभर मीठ असतेच, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा ती बरी. तापात ताक बाधते ही समजूत पक्की आहे, पण ताजे, आंबट नसलेले ताक पाजण्यात अपाय नाही. झोपण्यापूर्वी दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन टाकून थोड्या वेळाने नाक शिंकरायला लावावे. पंख्याचा झोत तोंडावर नको.

आता समजा, त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी तीन उलट्या झाल्या, सकाळपासून लघवी नाही आणि जिभेखाली बोट लावले तर चिकट लागते. आता पेज पुरणार नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजे पाणी हा नेहमीचा घोळ आहे, आणि मिश्रण दाट झाले तर जुलाब वाढू शकतात. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्यावा, आणि देत देतच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मूल सुस्त पडले, पाणी गिळेना किंवा आठ तास लघवी झाली नाही तर घरी वाट पाहू नये.

ओठांवरचा पापुद्रा ओढून काढला की रक्त येते आणि भेग खोल जाते. त्याऐवजी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ सुती कपडा मिनिटभर ओठांवर ठेवावा. जे आपोआप सुटेल तेवढेच निघू द्यावे आणि ओठ ओलसर असतानाच वर तुपाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. कोरड्या ओठावर तूप लावल्यास आत धरून ठेवायला ओलच नसते. प्राणवायू लावलेल्या रुग्णाला मात्र तूप-जेली लावू नये, तिथे पाण्यात मिसळणारे मलम वापरतात.

अंथरुणाला खिळलेल्या, तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या माणसाची जीभ, गालाची आतली बाजू आणि हिरड्या दर दोन तासांनी ओल्या कापडाने किंवा लहान मुलाच्या मऊ ब्रशने पुसाव्यात. कवळी असल्यास काढून धुवावी. शुद्ध नीट नसेल तर डोके एका कुशीला वळवावे आणि तोंडात चमच्याने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. ‘घोटभर पाणी तरी पाजा’ म्हणून जमलेल्या नातेवाइकांना इथे आवरावेच लागते.

काही गोष्टी टाळाव्यात. लिंबाच्या रसाने आंबट वाटून लाळ सुटते, पण उललेल्या ओठाला तो चरचरतो. ग्लिसरीन तोंडात ओल शोषते, तर बोरोग्लिसरीन लहान मुलांच्या पोटात गेल्यास विषारी ठरते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच बायका तापातही मिश्री सोडत नाहीत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड कोरड्या हिरड्यांना आणखी भाजते, तेवढे दिवस तरी साध्या पाण्याने चूळ भरावी.

ताप उतरताना ओठाच्या कडेला येणारा पाणीदार फोडांचा झुबका हा नागिणीच्या विषाणूच्या नात्यातल्या दुसऱ्या विषाणूचा असतो. तो फोडू नये. तोंडाचे कोपरे आठवडाभर चिघळलेले राहिले तर बुरशी किंवा लोहाची कमतरता तपासावी लागते. आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताप पाच दिवस उतरत नसेल, ओठ लालभडक होऊन फाटले असतील, जीभ खडबडीत लाल, डोळे लाल पण चिपडांविना आणि अंगावर पुरळ असेल, तर ही नुसती कोरड नव्हे, कावासाकी आजाराची शक्यता असते. त्या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि औषध पहिल्या दहा दिवसांत मिळाले तर तो धोका पुष्कळ कमी होतो, म्हणून अशा मुलाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.